पायऱ्या किती आहेत हो?

सहलींचं बुकिंग करणाऱ्या एका टेबलाशी एक कुटुंब बसलं होतं. साठी ओलांडलेल्या आजी, मुलगा, सून आणि खुर्चीत स्वस्थ न बसणारी नात. टेबलामागच्या तरुणाने अजिंठ्याचं तीन घड्यांचं चकचकीत माहितीपत्रक पुढे सरकवलं. सुनेने ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला घेतलं. ‘कालातीत सौंदर्याच्या या अद्भुत विश्वात पाऊल ठेवा आणि प्राचीन कलाकारांच्या सर्जनशीलतेने मंत्रमुग्ध होऊन जा.’ दुसऱ्या वाक्याला तिचा आवाज उतरला, तिसरं तिने पुटपुटत वाचलं आणि चौथ्यापासून ती नुसते फोटो बघू लागली. मग आजींनी पत्रक हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “पायऱ्या किती आहेत हो?” तरुण म्हणाला, “काही नाही आजी, एकदम सोपं आहे.” आजींनी पत्रक घडी घालून पर्समध्ये ठेवलं. बुकिंग झालं की नाही ते कळलं नाही. पण सुनेचा आवाज ज्या ठिकाणी उतरला, ती जागा मात्र डोक्यातून जात नाही.

आपल्याकडे पर्यटनाची पत्रकं बहुतेक वेळा आधी इंग्रजीत तयार होतात आणि मग त्यांचं मराठी होतं. इंग्रजी पत्रकाचा वाचक एकटा असतो, फार तर दोघं. तो विमानतळावर किंवा हॉटेलच्या खोलीत मनातल्या मनात वाचतो आणि स्वतःपुरतं ठरवतो. त्याला शांतता हवी असते, गर्दीपासून लांब जायचं असतं, ‘हरवून जायचं’ असतं. मराठी घरात पत्रक एकजण वाचतो आणि चौघं ऐकतात. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात वेगळा प्रश्न असतो: गुडघे, ऊन, मुलांचं जेवण, शौचालय, सुट्टीचे दिवस, परत यायला किती उशीर होईल. ज्याच्या भरवशावर लहान मूल आहे, त्याला हरवून जायची मुळीच हौस नसते. इंग्रजीतल्या ‘एकांतातल्या दरी’चं मराठीत ‘निर्जन दरी’ झालं, की इंग्रजी वाचक जिथे खूश होतो तिथेच आजी विचारतात, “तिथे चहापाणी तरी मिळतं का?” व्याकरणाने भाषांतर बरोबर असतं. घराला ते पटत नाही.

यावर पहिला उपाय सुचतो तो बहुधा फसवा असतो. भाषांतर कोरडं झालंय असं वाटलं की लिहिणारा ते ‘मराठमोळं’ करायला जातो. मग दरी ‘निसर्गाच्या कुशीत’ वसते, चित्रं पाहून ‘डोळ्यांचे पारणे फिटते’, वाट ‘नागमोडी’ होते आणि सहल ‘लहानांपासून थोरांपर्यंत सर्वांसाठी पर्वणी’ ठरते. इंग्रजी जाहिरातीच्या जागी मराठी जाहिरात आली, एवढंच. ही वाक्यं ओळखायची एक सोपी रीत आहे. वाक्यातलं ठिकाणाचं नाव काढून तिथे दुसरं घाला. अजिंठ्याच्या जागी महाबळेश्वर किंवा तारकर्ली घालूनही वाक्य तितकंच खरं राहत असेल, तर ते अजिंठ्याबद्दल काहीच सांगत नव्हतं. साध्या पत्रकातला निम्मा मजकूर या चाळणीत गळून पडतो. आणि तो पडावाच, कारण मोकळी झालेली जागा पुढे लागते.

आता अजिंठ्याचंच पत्रक घेऊ.

इंग्रजी मजकूर सहसा काळाच्या क्रमाने जातो. सुरुवात इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून, मग सातवाहनांचा काळ, मग मोठा खंड, मग पाचव्या शतकात वाकाटकांच्या राज्यात झालेलं काम, आणि शेवटी १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला दिसलेली लेणी. पुस्तकाला हा क्रम योग्य आहे. पण लेण्यांना दिलेले नंबर काळाप्रमाणे नाहीत, ते प्रवेशाकडून टोकाकडे चालत जाताना लागतात तसे दिलेले आहेत. सगळ्यात जुन्या लेण्यांपैकी ९ आणि १० मध्येच कुठेतरी येतात, आणि दारात उभं राहिल्यावर समोर येतं ते बऱ्याच नंतरचं १ नंबरचं लेणं. इतिहासाच्या क्रमाने लिहिलेलं पत्रक हातात धरून चालणाऱ्या कुटुंबाला पहिल्या लेण्यापाशीच कळत नाही, आपण पत्रकात कुठे आहोत. म्हणून मराठी मजकुराचा पहिला बदल शब्दांचा नसतो, क्रमाचा असतो. मजकूर पायांच्या क्रमाने लावायचा: गाडी कुठे थांबते, पुढे बस कुठे लागते, चढ कुठे आहे, मग १, २, १०, १६, १७, १९ आणि २६. मुलांना घेऊन तीसही लेणी बघायला निघालेली माणसं दहाव्याच्या आसपास रडकुंडीला येतात, हे वाटाड्यांना विचारलं तर कोणीही सांगेल. सात सांगायची आणि बाकीची ‘वेळ उरल्यास’ म्हणून एका ओळीत टाकायची.

यातली पहिली तीन वाक्यं फार महत्त्वाची आणि फार नीरस असतात, त्यामुळे ती नेहमी मागच्या पानावर बारीक अक्षरांत जातात. खाजगी गाड्या लेण्यांपर्यंत जात नाहीत. फर्दापूरजवळच्या फाट्यावर त्या थांबतात आणि शेवटचे साधारण चार किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं. बसमधून उतरल्यावर लेण्यांच्या पातळीला यायला पायऱ्यांचा चढ आहे, आणि वर आल्यावर कड्याच्या कडेने वाट आहे. तीही सपाट नाही, मध्ये मध्ये चढउतार करते. खाली डोली मिळते. हे सगळं इंग्रजीत ‘चालण्याची थोडी तयारी ठेवावी’ एवढ्यावर उरकलेलं असतं. मराठीत ते पहिल्या पानावर यायला हवं, आणि घाबरवणाऱ्या सूचनेसारखं नको, सोबत असलेल्या माणसाने सांगावं तसं हवं: ‘सुरुवातीचा पायऱ्यांचा टप्पा सगळ्यात दमवणारा आहे. तो सकाळी उन्हाआधी चढून घ्या. गुडघ्यांचा त्रास असेल तर खालीच डोली ठरवा. अर्ध्या वाटेवर मिळेलच असं नाही.’ डोलीचा दर मात्र छापू नये. दर बदलतो, पत्रक दोन वर्षं वाटलं जातं, आणि छापील आकड्यावरून डोलीवाल्याशी भांडण झालं की सगळ्या सहलीची चव जाते.

पायऱ्या लपवल्या म्हणून कोणी येत नाही असं नाही. येतात, आणि पाचव्या लेण्यापाशी बसून राहतात. ‘कुटुंबाला आवडेल असं लिहा’ म्हणत पत्रक लिहून घेणाऱ्या ग्राहकाला हे समजावणं अवघड जातं. त्याला वाटतं, अडचण सांगितली की गिऱ्हाईक गेलं. प्रत्यक्षात आजींचा प्रश्न ‘येऊ की नको’ असा नसतोच, ‘आलेच तर कशी’ असा असतो.

आता लेण्यांच्या आत. मूळ मजकुरात १ नंबरच्या लेण्यासाठी ‘पद्मपाणी आणि वज्रपाणी यांची अप्रतिम भित्तिचित्रे, ज्यांतून करुणेचा शाश्वत आविष्कार होतो’ असलं काहीतरी असतं. हे खोटं नाही. पण आठ वर्षांच्या मुलीला आविष्कार दाखवता येत नाही, आणि तिच्या बापालाही तो कुठे बघायचा ते कळत नाही. मोठा प्रश्न अंधाराचा आहे. चित्रांना इजा होऊ नये म्हणून आत उजेड मंद ठेवलेला असतो. पत्रकातला फोटो झगझगीत असतो. उन्हातून आत आलेल्या माणसाला पहिल्या क्षणी काळपट भिंत दिसते, मुलं “काहीच दिसत नाही” म्हणून ओढायला लागतात आणि कुटुंब अर्ध्या मिनिटात बाहेर येतं. त्याच्या मनात राहतं ते हेच, की फोटोत छान होतं. हा घोळ एका वाक्याने सुटतो, म्हणून ते वाक्य विशेषणांच्या आधी आलं पाहिजे.

करून पाहू:

‘चपला बाहेर काढा आणि आत आल्यावर दोन मिनिटं नुसते उभे राहा. डोळे अंधाराला सरावले की भिंतीतून एकेक चेहरा वर येऊ लागतो. गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या हाताला, हातात निळं कमळ धरलेला, मान किंचित कललेला तो पद्मपाणी. फ्लॅश चालत नाही, त्याने रंग जातात. मुलांना एक काम द्या: चार हरणं आणि चौघांत मिळून एकच डोकं, असं एक शिल्प याच लेण्यात आहे. भिंतीवर शोधू नका, खांबांकडे बघा.’

यात बहुतेक वाक्यं क्रियापदांवर चालतात: काढा, उभे राहा, द्या, बघा. ‘अप्रतिम’ कुठे नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. फ्लॅशची मनाई कारणासह आली, म्हणून ती पाटीसारखी वाटत नाही. चार हरणांचं ते शिल्प इंग्रजी पत्रकात क्वचित असतं, कारण कलेच्या इतिहासात त्याला पद्मपाणीइतका मान नाही. घरच्या सहलीत त्याला पहिला मान आहे. मूल हरणं शोधतं तेवढ्या वेळात मोठ्यांना पद्मपाणीकडे निवांत पाहता येतं.

१६ नंबरला पायऱ्यांशी दोन दगडी हत्ती आहेत. फोटो कुठे काढायचा हे तिथे कोणाला सांगावं लागत नाही. १७ मध्ये मात्र थांबून लिहावं, कारण ते लेणं म्हणजे भिंतींवर मांडलेल्या जातककथाच आहेत. इथे मूळ मजकूर कथांची नावं देतो आणि पुढे जातो. नावाने काही दिसत नाही. त्यापेक्षा एकच कथा पुरती सांगावी. मातृपोषक जातकातली घ्या: जंगलात एक पांढरा हत्ती आपल्या आंधळ्या आईला सांभाळत असतो. राजाची माणसं त्याला पकडून नेतात. राजवाड्यात तो अन्नाला तोंड लावत नाही. कारण कळल्यावर राजा त्याला सोडून देतो आणि तो धावत आईकडे जातो. ही गोष्ट पत्रकात असली की ती आदल्या रात्रीच मुलांना सांगून झालेली असते, बहुधा आजीच सांगते, आणि मग भिंतीसमोर उभं राहून हत्ती शोधणं हे आजी-नातवंडांचं काम होतं. ‘सर्वांसाठी पर्वणी’ लिहिण्यापेक्षा प्रत्येकाला हातात एखादं काम देणं जास्त खरं.

भित्तिचित्रांच्या तंत्रावर एक ओळ हवी, आणि तीही बरोबर. इंग्रजीत सर्रास ‘फ्रेस्को’ लिहिलेलं असतं. फ्रेस्कोत ओल्या गिलाव्यावर रंग देतात. अजिंठ्यात माती आणि भुशाच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर चित्रं काढली आहेत. मराठीत ‘भित्तिचित्रे’ म्हटलं की वाद मिटतो. मुलांना मात्र दुसरी गोष्ट आवडते: निळा रंग ज्या दगडाचा, तो लाजवर्द आजच्या अफगाणिस्तानाच्या बाजूकडून इथवर आणलेला होता.

जॉन स्मिथला काढून टाकावं का? बरेच मराठी लिहिणारे काढतात, ‘आमची लेणी इंग्रजाने शोधली कशी’ या रागाने. राग समजण्यासारखा आहे, पण त्याच्याकडे एक कामाची गोष्ट आहे. १० नंबरच्या लेण्यात त्याने चित्रावर आपलं नाव आणि एप्रिल १८१९ ची तारीख कोरून ठेवली. लेणं तेव्हा दगडमातीने भरलेलं होतं, त्यामुळे त्या ढिगावर उभं राहून कोरलेलं ते नाव आज माणसाच्या नजरेच्या पातळीहून बरंच वर राहिलं आहे. ‘भिंतींवर नावे कोरू नयेत’ ही पाटी कोणी वाचत नाही. ‘दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने इथे नाव कोरलं आणि चित्र कायमचं बिघडलं’ हे वाचलं की मूलच बापाला अडवतं. तेव्हा स्मिथला पहिल्या पानावरून उचलून १० नंबरच्या लेण्यात नेऊन ठेवायचं.

फोटोंबद्दलही लिहिणाऱ्याने बोललं पाहिजे, जरी ते काम त्याचं मानलं जात नसलं तरी. अजिंठ्याच्या पत्रकावर हमखास पावसाळ्यातला फोटो असतो: हिरवा कडा आणि दरीच्या टोकाला सप्तकुंडाचा धबधबा. कुटुंबं येतात ती शाळेला सुट्टी असते तेव्हा, म्हणजे मे महिन्यात किंवा दिवाळीत. मे महिन्यात कडा तांबूस-करडा असतो, दगड तापलेला असतो आणि धबधब्याच्या जागी कोरडी घळ असते. फोटो बदलता येत नसेल तर त्याखालची ओळ बदलावी: ‘ऑगस्टमधलं दृश्य. उन्हाळ्यात धबधबा नसतो. तेव्हा सकाळी ९ वाजता, लेणी उघडताच आत जा आणि दुपारच्या आधी परत फिरा.’ ग्राहक या ओळीला हरकत घेतो. घेऊ दे.

दिवसांचंही तसंच. ‘सोमवारी बंद’ हे दोन शब्द प्रत्येक पत्रकात असतात आणि तरी सोमवारी फाटकाशी मुलांना घेऊन उभी असलेली कुटुंबं दिसतात. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. माणसं दोन्ही एकाच फेरीत करतात, म्हणून बंदीचे वार देऊन भागत नाही, त्याचा हिशोब करून द्यावा लागतो: ‘रविवार-सोमवार येत असाल तर आधी अजिंठा, मग वेरूळ. सोमवार-मंगळवार येत असाल तर आधी वेरूळ, मग अजिंठा.’ छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा सुमारे शंभर किलोमीटर आहे आणि वेरूळ तीसच्या आसपास, हेही याच ओळीजवळ हवं, नाहीतर दोन्ही एका दिवसात उरकायचा बेत घरी पक्का होऊन बसतो. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं प्रवेश तिकीट लागत नाही, ही बातमी इंग्रजीत तळटीपेत असते. चौघांचा खर्च मोजणाऱ्या घरात ती वर यायला हवी.

वाचकाला हाक कशी मारायची, यावर विनाकारण अडखळायला होतं. ‘आपण’ आदराचं वाटतं, पण ‘आपण सकाळी लवकर निघावे’ म्हटलं की लग्नपत्रिकेचा वास येतो, शिवाय लिहिणाराही बरोबर येणार आहे की काय अशी शंका येते. ‘तू’ तरुणांच्या जाहिरातीत चालतं, आजींसमोर नाही. ‘तुम्ही’ बरं, आणि तेही दर वाक्यात नको. ‘निघा’, ‘थांबा’ यात ते आलेलंच असतं. पत्रकभर ‘घ्यावे, जावे, पाहावे’ केलं तर सरकारी सूचना होते, आणि ‘चला तर मग!’ केलं तर सहलीचा गाईड माईक घेऊन अंगावर येतो.

जागेचा प्रश्न शेवटी गळ्याशी येतो. आडव्या ए-फोर कागदाची तीन पानं केली की प्रत्येकी जेमतेम १० सेंटिमीटर रुंदी मिळते. आत दुमडणारं पान आणखी दोन-तीन मिलिमीटर कमी ठेवावं लागतं, नाहीतर घडी फुगते. इंग्रजीच्या चौकटीत मराठी तसंच ओतलं तर शब्द कमी भरतात, कारण विभक्ती शब्दालाच चिकटते. पण ओळी उंच होतात. वर वेलांटी-मात्रा-अनुस्वार, खाली उकार, त्यामुळे ११ पॉइंटच्या अक्षराला ओळींमध्ये १६ पॉइंट तरी अंतर हवं. डिझायनर ते इंग्रजीइतकंच ठेवतो आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. आजींना चष्म्यानेही ते वाचता येत नाही. एका पानावर फोटो धरून सत्तर-ऐंशी शब्द, त्याहून जास्त नकोत. कापाकापी करायची तर आधी विशेषणं, मग इतिहासातली पुनरुक्ती. वेळ, वार, चढ आणि गोष्ट यांना हात लावायचा नाही.

छपाईआधीच्या प्रुफात एक शब्द मुद्दाम शोधावा: ‘पायऱ्या’. मजकूर युनिकोडमधून जुन्या फॉन्टमध्ये नेला की त्यातला ऱ्या मोडतो आणि ‘पायर्या’ छापलं जातं. ‘दऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांचंही तेच. आणि ल, श हिंदी वळणाचे आले असतील तर डिझायनरच्या मजकुराची भाषा मराठी न निवडता हिंदी राहिलेली असते. ती बदलायला फारसा वेळ लागत नाही.

‘इंग्रजीतलं सगळं आलं पाहिजे’ असा आग्रह ग्राहकाकडून येतोच. त्याला तोंडी उत्तर देऊ नये. दोन रकान्यांचा कागद द्यावा: डावीकडे मूळ वाक्य, उजवीकडे ते मराठीत कुठे गेलं, किंवा का वगळलं. ‘शाश्वत आविष्कार: वगळला, त्या जागी दोन मिनिटं थांबण्याची सूचना’ असं लिहिलेलं पाहिलं की निम्मे वाद तिथेच संपतात. उरलेल्या निम्म्यांसाठी पत्रक एका अनोळखी घरात मोठ्याने वाचायला द्यावं आणि नंतर कागद बाजूला ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या वारी निघाल, गाडी कुठे सोडाल, मुलांना काय शोधायला सांगाल. जिथे वाचणाऱ्याचा आवाज उतरतो तिथे पेन्सिलने खूण करायची आणि ते वाक्य परत लिहायचं.

मागच्या पानावर, फोन नंबराच्या खाली, माहिती कोणत्या महिन्यात तपासली तेही छापावं. वेळा आणि बसची व्यवस्था बदलली की जुनी प्रत ओळखता येते आणि टेबलामागच्या तरुणाला ती काढून टाकता येते.